सहा गुणांचं शहर

साठाला पास, आणि माझ्या मुलीला एकोणसाठ. हे कागदावर वाचलं तेव्हा मी आधी चष्मा पुसला. मग कागद पुसला. आकडा काही हलला नाही.

ठकी म्हणतो मी तिला. वय वर्षं अडतीस, डोक्यात दोन पांढऱ्या बटा, तरी ठकीच. नऊ वर्षं ती एका शाळेत तासिकेवर भूगोल शिकवते आहे. आता नियम निघाला की शिक्षकांची पात्रता परीक्षा जो पास होईल तो कायम, जो होणार नाही त्याची महिनाअखेर छुट्टी. वयाच्या अटीमुळे तिच्या हातात दोनच वेळा उरल्या होत्या. त्यातली एक ही, एका गुणानं गेलेली.

"बाबा, सहा गुणांच्या प्रश्नात मला एक दिलाय," ती म्हणाली. तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत तिनं मागवली होती, ती माझ्यासमोर टेबलावर पसरली. "एक! आणि हा प्रश्न मी झोपेत लिहीन."

प्रश्न असा होता: नकाशात दाखवलेलं मोठं शहर नदी ओलांडण्याच्या जागेपाशीच का वाढलं असावं, ते स्पष्ट करा.

तो प्रश्न ती खरंच झोपेत लिहील. ती आठ वर्षांची असताना मी तिला आमच्या शहरातल्या जुन्या पुलाखाली घेऊन गेलो होतो. उन्हाळा होता, पाणी घोट्याएवढं. "काय लागतंय पायाला?" मी विचारलं. "दगड," ती म्हणाली. वरच्या अंगाला दलदल, खालच्या अंगाला नदी खोल आणि रुंद, मधे एवढाच पट्टा असा की जिथे गाडीचं चाक रुतत नाही. म्हणून दोन्ही बाजूंच्या दूरदूरच्या वाटा वाकड्या होऊन इथे यायच्या. समुद्राकडून येणाऱ्या होड्याही इथेच अडायच्या, कारण पुढे तळ लागायचा. मग होडीतला माल उतरायचा, गाडीत चढायचा. नदीला पाणी चढलं की गाड्या चार-चार दिवस खोळंबायच्या. "थांबलेल्या माणसाला काय काय लागतं?" मी विचारलं. ती बोटं मोजायला लागली. जेवण, झोपायला जागा, बैलाला चारा, मोडकं चाक दुरुस्त करणारा लोहार, माल ठेवायला कोठार. "झालं की गं तुझं शहर!" मी म्हणालो, आणि तिनं पाण्यात उडी मारून माझी विजार भिजवली.

हे सगळं तिनं उत्तरात लिहिलं होतं. काठाचा एक उंच, पुराला न पोचणारा टप्पा, त्यावरची पहिली वस्ती. पुढे त्याच जागी पूल, कारण खालच्या अंगाला पूल बांधण्याइतकी अरुंद आणि पक्क्या तळाची जागाच नाही. मग पुलामुळे रस्ते, रेल्वे, कारखाने. पायी नदी ओलांडायची गरज संपली तरी शहर हललं नाही, कारण तोवर सगळ्या वाटांना तिथेच यायची सवय लागली होती. सुरेख उत्तर! पेपर तपासायला मी असतो तर सहाच्या सहा दिले असते आणि वर्गात वाचून दाखवलं असतं.

तिला मिळालेला तो एक गुण कशासाठी होता माहीत आहे? तिनं शेवटी लिहिलं होतं, "पिण्याचे पाणी तर नदीच्या दहा कोसांत सगळीकडे आहे, मग दहा कोस शहर का नाही? म्हणून पाणी हे या जागेचे कारण नव्हे." तपासणाऱ्यानं 'पिण्याचे पाणी' या दोन शब्दांखाली रेघ ओढून बरोबरची खूण केली होती. मी हसलो. हसू आलं ते पोटातून नाही, रागातून.

"आणि हे त्यांचं नमुना उत्तर," ठकीनं दुसरा कागद पुढे केला. "याच्याशी ताडून गुण देतात. वाचा म्हणजे कळेल काय लायकीची माणसं बसवलीत!"

मी वाचलं. एक, पिण्यासाठी मुबलक पाणी. दोन, शेतीसाठी सुपीक गाळाची जमीन. तीन, मासेमारीची सोय. चार, सांडपाण्याचा निचरा. पाच, आल्हाददायक हवा. सहा, निसर्गसौंदर्य.

ते उत्तर मी लिहिलेलं होतं.

आता सांगून टाकतो, लपवून काय उपयोग. पंधरा वर्षांपूर्वी एका प्रकाशकानं मला या परीक्षेसाठी भूगोलाचा मार्गदर्शक लिहायला दिला. वर नाव 'अनुभवी शिक्षक' असं, म्हणजे माझी अब्रू शाबूत. घराला आणखी एक खोली हवी होती, ठकीला बसून अभ्यास करायला जागा नव्हती, मी हो म्हणालो. दहा दिवसांत तीनशे उत्तरं. या प्रश्नाचं उत्तर मी आधी नीटच लिहिलं होतं, दीड पान, पुलाखालच्या सगळ्या गोष्टींसकट. प्रकाशकाच्या माणसानं ते लाल पेन्सिलीनं आडवं कापलं. "सर, सहा गुण आहेत, सहा मुद्दे द्या. एका ओळीत एक. मुलांना पाठ करायचंय, समजून नाही घ्यायचं." माझं डोकं फिरलं. पण शेवटचा दिवस होता. मागच्याच पानावर 'नदीकाठी वस्ती का होते' या प्रश्नाचे सहा मुद्दे होते. तेच उचलले आणि इथे डकवले. नदीकाठी का, आणि नदीच्या याच जागी का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं! म्हटलं, कोण बघतंय.

चौदा आवृत्त्या निघाल्या. आणि मी काय केलं, तर असली पुस्तकं आमच्या घरात आणायची नाहीत असा दंडक घातला. ठकीनं एकदा मैत्रिणीकडून तो मार्गदर्शक आणला होता, तर मी तो तिच्या हातातून काढून परत पाठवला. "पाठांतरानं पोपट होतात, शिक्षक नाही," असं वर भाषण ठोकलं. लोकांना शिळं वाढून घरच्यांना ताजं करून घालणारा मी.

"बाबा, काय झालं? पांढरे पडलात," ठकी म्हणाली.

"काही नाही. ऊन लागलं असेल."

"घरात?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "हरकत घे. लेखी दे. विद्यापीठाचं ते वस्ती-भूगोलाचं जाड पुस्तक जोड. छापील पुरावा आहे, त्यांना ऐकावंच लागेल." मनात म्हटलं, त्या पुस्तकावरच भागलं तर माझं तोंड उघडायची वेळ येणार नाही. देवा, एवढं कर. आयुष्यात मी इतका लाचार कधी झालो नव्हतो.

सुनावणी परीक्षा कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर, सकाळी अकराला. उमेदवाराबरोबर एक माणूस बसू शकतो, म्हणून मी गेलो. निघताना माळ्यावरची पेटी उघडून ती जुनी हस्तलिखित पानं काढली, लाल पेन्सिलीच्या रेघेसकट, आणि पिशवीच्या तळाशी घातली. का घातली ते स्वतःलाही विचारलं नाही.

लांबट खोली, पंखा कुरकुरणारा, खिडकीशी फायलींचे गठ्ठे. टेबलामागे तिघं. मधे अध्यक्ष बाई, थकलेल्या, पण वागायला सरळ. एका बाजूला नियमांचं पुस्तक घेऊन बसलेला कारकून. दुसऱ्या बाजूला विषयतज्ज्ञ. तो मला बघून ताडकन उठला.

"सर! तुम्ही? ओळखलंत का? मी शेवटच्या बाकावरचा!"

ओळखलं. माझ्याच वर्गातला, पुस्तकं तोंडपाठ करणारा. आम्ही त्याला टेपरेकॉर्डर म्हणायचो. आता विषयतज्ज्ञ झाला होता. मला हायसं वाटलं. म्हटलं, आपलाच पोरगा आहे, समजून घेईल.

ठकी उभी राहिली आणि बोलली. काय बोलली म्हणून सांगू! मुद्दा सरळ. तिनं नकाशावर बोट ठेवलं. "मॅडम, ही नदी नकाशात या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे. पाणी सगळीकडे आहे, गाळ सगळीकडे आहे, मासे सगळीकडे आहेत. काठावर अकरा खेडी दाखवली आहेत, ती अकराही खेडीच राहिली. शहर एकच झालं, जिथे पाच रस्ते येऊन नदी ओलांडतात. प्रश्नात 'ओलांडण्याच्या जागेपाशीच' असं म्हटलंय. नमुना उत्तरात रस्ता हा शब्दच नाही."

अध्यक्ष बाईंनी नकाशा जवळ ओढला. खेडी मोजली. मग विषयतज्ज्ञाकडे वळल्या. "बरोबर वाटतंय की हो हे."

"मॅडम, वाटण्याचा प्रश्न नाही," तो म्हणाला. उद्धटपणे नाही हां, अगदी अदबीनं. "नमुना उत्तर मंजूर संदर्भयादीतल्या पुस्तकावरून घेतलंय. हे बघा." आणि त्यानं खणातून तो मार्गदर्शक काढला. चौदावी आवृत्ती, पिवळं कव्हर. पान न उघडताच त्यानं सहाही मुद्दे धडाधडा म्हणून दाखवले, एका श्वासात, आल्हाददायक हवेसकट. "मी स्वतः यावरूनच पास झालोय. गेली कित्येक वर्षं सगळे यावरूनच होतात. या उमेदवार मॅडमनी जोडलेलं पुस्तक चांगलं आहे, पण ते यादीत नाही."

"यादीतलं आणि यादीबाहेरचं यांच्यात वाद असेल तर?" बाईंनी कारकुनाला विचारलं.

"यादीतलं कायम," कारकून म्हणाला.

ठकीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण हनुवटी वर होती, लहानपणी गुडघा फुटला की करायची तशी. मला ते बघवेना. मी उभा राहिलो.

"ते उत्तर चूक आहे," मी म्हणालो. "मला माहीत आहे, कारण ते मी लिहिलंय."

मी पिशवीतून पानं काढून टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. दहा दिवस, तीनशे उत्तरं, लाल पेन्सिल, मागच्या पानावरून उचललेले सहा मुद्दे. "हे बघा मी आधी लिहिलेलं. आणि हे बघा तिनं परीक्षेत लिहिलेलं. एकच आहे. चूक तिची नाही, चूक माझी आहे. मला काय शिक्षा करायची ती करा, पण तिचे गुण तिला द्या हो! एक गुण! एकच मागतोय!"

मी हात जोडले. चाळीस वर्षं मुलांना हात पुढे करायला लावून छड्या मारणारा माणूस मी, टेपरेकॉर्डरपुढे हात जोडून उभा होतो.

ठकीकडे बघायची हिंमत झाली नाही.

विषयतज्ज्ञानं हस्तलिखित उचललं. हळूहळू वाचलं, ओठ हलवत, त्याची जुनी सवय. दीड पान संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "सर," तो म्हणाला, "हे आम्हाला वर्गात का नाही शिकवलंत?"

"शिकवलं होतं रे. तू म्हणालास, पुस्तकात तसं नाही."

त्यानं पानं जुळवून बाईंपुढे ठेवली.

अध्यक्ष बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "आजोबा, मला पटतंय," त्या म्हणाल्या. "लेखक स्वतः चूक कबूल करतोय, यापुढे काय हवं? लिहून घ्या हो, लेखकाचा जबाब." कारकुनानं पेन उघडलं. झालं, म्हटलं, सुटलो! "जबाब देणाऱ्याचं उमेदवाराशी नातं?" त्यानं रांगेतला पुढचा रकाना वाचला.

"वडील," मी म्हणालो.

कारकुनाचं पेन थांबलं. त्यानं नियमांचं पुस्तक उलटलं, बोट ठेवलं आणि बाईंपुढे सरकवलं. त्याला आनंद झाला नव्हता, हे मी कबूल करतो. "उमेदवाराच्या रक्ताच्या नातेवाइकाचा जबाब किंवा त्यानं आणलेला कागद पुरावा म्हणून धरता येत नाही."

"अहो, पण दुसरं कोण सांगणार?" मी ओरडलोच. "पुस्तकावर नाव नाही, तो लाल पेन्सिलवाला मरून गेला, मीच एकटा उरलोय!"

"तिची परीक्षा व्हायच्या आधी कधीही सांगितलं असतं तर चाललं असतं," बाई म्हणाल्या. त्यांना माझी कीव आली होती, आणि ती सोसणं जास्त कठीण होतं. "प्रकाशकाला एक पत्र लिहिलं असतंत, पुस्तकात दुरुस्ती झाली असती. पंधरा वर्षं होती तुमच्याकडे."

"आता लिहितो. आजच लिहितो."

"लिहा. दुरुस्ती झाली की नव्या यादीच्या वेळी बघता येईल. यादी पाच वर्षांनी बदलते. गेल्या वर्षीच बदलली." त्यांनी फाईल मिटली. "नमुना उत्तर कायम. हरकत नामंजूर. बाळ, मला वाईट वाटतंय गं."

हे शेवटचं बाई ठकीला म्हणाल्या.

बाहेर वऱ्हांड्यात लाकडी बाकं होती. पुढच्या हरकतीवाले रांगेत बसले होते, प्रत्येकाच्या मांडीवर कागद. आम्ही टोकाच्या बाकावर बसलो. खाली रस्त्यावर वाहनं पुलाकडे तुंबलेली, हॉर्न वाजत होते. आमच्या शहरात कुठूनही कुठेही जायचं तरी आधी त्या पुलाशी यावं लागतं.

मला वाटलं ठकी ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माझी खोली," ती म्हणाली. "ती त्या पुस्तकातून बांधली?"

"हो."

"आणि मैत्रिणीकडून मी आणलेलं, तुम्ही परत पाठवलंत, ते हेच?"

"हेच."

"म्हणजे बाबा, तुम्ही ते पुस्तक मला घरात आणू दिलं असतंत तर मी आज पास झाले असते."

आपलेच दात, आपलेच ओठ. चांगलं शिकवलं ते तिला, वाईट विकलं ते लोकांना, आणि बुडाली कोण, तर तीच. मी रडलो. सत्तरीचा माणूस सरकारी वऱ्हांड्यात रुमाल शोधत रडत होता आणि पुढच्या बाकावरची माणसं आपापल्या कागदांत बघत होती.

ठकीनं रुमाल दिला नाही. तिनं पर्समधून वही काढली, शाळेच्या तासांची टाचणं असलेली. महिनाअखेरपर्यंतची पानं भरलेली होती, पुढची कोरी. तिनं कोरं पान काढलं, वर प्रश्न लिहिला, खाली रेघ मारली.

"सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"तुमचं नमुना उत्तर. पुढच्या वर्षी शेवटची वेळ आहे माझी. हा प्रश्न परत येतो. आणि यादी चार वर्षं बदलणार नाही."

"ठके, नको गं. मी प्रकाशकाला लिहितो, वर्तमानपत्राला लिहितो, पुन्हा अर्ज..."

"लिहा. तोवर सांगा. मुद्दा एक?"

तिचं पेन कागदाला टेकलेलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. वर्गात मी सांगायचो आणि मुलं लिहून घ्यायची, तशी मान खाली घालून ती वाट बघत होती. या मुलीला मी पाण्यात उभं करून विचारलं होतं, पायाला काय लागतंय.

"एक," मी म्हणालो. "पिण्यासाठी मुबलक पाणी."

तिनं लिहिलं.

"दोन?"

"शेतीसाठी सुपीक गाळाची जमीन."

"सावकाश सांगा, बाबा," ती म्हणाली. "शब्द न् शब्द तोच हवा."